दुर्ग जंक्शनवर व्हीलचेअरने गाडी कशी बदलावी?

भिलाईहून गोंदिया, नागपूर किंवा मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच प्रवाशांना दुर्ग जंक्शनवर गाडी बदलावी लागते. हावडा-मुंबई मार्गावरच्या या स्थानकातून दल्ली राजहराकडे जाणारा फाटाही निघतो. आपण व्हीलचेअर वापरत असाल, तर एका फलाटावरून दुसऱ्यावर पायऱ्यांशिवाय कसे जायचे आणि कोणाची मदत मागायची, ते येथे सांगितले आहे.

सर्वात आधी हे पाहा की गाडी बदलणे टाळता येते का. भिलाई आणि दुर्ग ही शहरे एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे लोकल गाडीने दुर्गला उतरून फलाट बदलण्यापेक्षा रिक्षाने थेट दुर्ग स्थानक गाठणे अनेकदा सोपे पडते. दुर्गहूनच सुटणारी गाडी निवडली तर आणखी सोय होते, कारण ती फलाटावर जास्त वेळ उभी असते. मधल्या स्थानकावर काही मिनिटेच थांबणाऱ्या गाडीत व्हीलचेअर चढवताना फार धावपळ होते.

गाडी बदलणे भाग असेल, तर लिफ्टबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. फलाट बदलायला एक लिफ्ट पुरत नाही. एका लिफ्टने पादचारी पुलावर चढायचे आणि दुसऱ्या लिफ्टने पुढच्या फलाटावर उतरायचे असते. पहिली चालू आणि दुसरी बंद असेल, तर आपण पुलावरच अडकता. म्हणून वर जाण्याआधी सोबतच्या व्यक्तीला पलीकडची लिफ्ट पाहून यायला सांगा. बटण दाबल्यावर दिवा लागतो का, लिफ्ट येते का आणि दार पूर्ण उघडते का, एवढे पाहिले तरी पुरे. दुर्ग आणि भिलाई पॉवर हाउस ही दोन्ही स्थानके अमृत भारत स्थानक योजनेत आहेत. बांधकाम चालू असताना जुनी वाट बंद होऊ शकते. मागच्या वेळी गेलो तीच वाट या वेळीही असेल, असे धरून चालू नका.

लिफ्ट बंद असेल तर उप स्थानक अधीक्षकांच्या कार्यालयात कळवा किंवा 139 या क्रमांकावर फोन करा. बऱ्याच स्थानकांवर फलाटाच्या टोकाला उतार असतो आणि तिथून सामानाच्या हातगाड्या रूळ ओलांडून नेतात. या वाटेने रेल्वे कर्मचारी सोबत असेल आणि त्याने परवानगी दिली असेल, तरच जा. स्वतःहून रूळ ओलांडणे गुन्हा आहे, आणि चाक रुळाच्या खाचेत अडकले तर जिवावर बेतते.

स्थानकाची व्हीलचेअर विनामूल्य मिळते. ती ढकलण्यासाठी हमाल घेतला, तर त्याचे पैसे मात्र द्यावे लागतात. आदल्या दिवशी स्थानकात विचारून ठेवलेले बरे.

आता खरी अडचण. रॅम्प आणि लिफ्ट आपल्याला फलाटाच्या कडेपर्यंतच पोहोचवतात. उंच फलाट रुळापासून साधारण 76 ते 84 सेंटीमीटर वर असतो, तर डब्याची फरशी सुमारे सव्वा मीटरवर असते. म्हणजे चाळीस ते पन्नास सेंटीमीटरचे अंतर उरतेच. आरामात चढता येणाऱ्या रॅम्पचा उतार बारास एक धरतात. त्या हिशेबाने 45 सेंटीमीटर उंची चढायला सव्वापाच मीटरपेक्षा लांब रॅम्प लागेल. घडीचा रॅम्प एवढा लांब नसतो, म्हणून तो बराच उभा पडतो. त्यावरून एकट्याने चढू नका, मागे दोन माणसे हवीत. स्थानकात असा रॅम्प आहे का, हे व्हीलचेअर मागतानाच विचारा.

दिव्यांग डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो. त्याचे दार आणि शौचालय रुंद असते. पण लिफ्टपासून तिथपर्यंत फलाटभर चालत जावे लागते, त्यामुळे डबा कुठे येणार ते आधीच विचारून त्या बाजूला जाऊन थांबा.

सवलतीचे तिकीट हवे असेल तर रेल्वेचे दिव्यांगजन ओळखपत्र काढा. यूडीआयडी कार्ड वेगळे आणि हे ओळखपत्र वेगळे. दोन्हींत अनेकांचा गोंधळ होतो. अर्ज divyangjanid.indianrail.gov.in या संकेतस्थळावर करता येतो. दुर्ग आणि भिलाई रायपूर मंडळात येतात. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित श्रेणीत मूळ भाड्यात 75 टक्के सवलत मिळते, राजधानी व शताब्दीत मात्र 25 टक्के. सोबत एक व्यक्ती असेल तर तिलाही तेवढीच सवलत आहे. तेव्हा लिफ्ट पाहून येणाऱ्या आणि रॅम्पवर मागे उभ्या राहणाऱ्या माणसाचे तिकीट आपल्या तिकिटासोबतच काढा.