बारा गुणांचं अंतर

प्रिय मनू,

दाराशी ठेवलेलं ताट सकाळी तसंच होतं. समोर बसलो असतो तर दोघांनाही रडू आवरलं नसतं, म्हणून लिहितोय.

तुझी ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मी रात्री उत्तरतालिकेशी ताडून पाहिली. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा, सोडलं तर शून्य. तू फुली मारलेले प्रश्न वीस निघाले. प्रत्येकात दोन पर्याय तू खोडले होतेस आणि उरलेल्या दोनांतला एक अंदाजाने निवडला होतास. सात बरोबर आले, तेरा चुकले, म्हणजे हाती पंधरा गुण. दहा बरोबर आले असते तर तीस मिळाले असते, तेरा आले असते तर पंचेचाळीस. वीस वेळा नाणं उडवलं तर सातही छापे पडतात आणि तेराही. तुझा अभ्यास तिन्ही वेळी तेवढाच राहिला असता. आणि सरकारी कॉलेजची जागा गेली ती बारा गुणांनी.

आमच्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअरचं लीस्ट काउंट 0.02 मिलिमीटर असतं. नवा पोरगा त्यावर 0.01चा फरक सांगायला लागला की मी त्याला थांबवतो. मापाला जे दिसतच नाही, ते त्याने वाचलं कुठून? 720 गुणांच्या या मापालाही तशीच मर्यादा आहे आणि तुझे बारा गुण तिच्या आत येतात. जागा थोड्या, म्हणून रेघ कुठेतरी ओढावीच लागते. प्रवेश हुकला हे खरं आहे, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण रेघेच्या लगेच वरच्या मुलीला तुझ्यापेक्षा जास्त येतं, असं त्या रेघेवरून कुणालाच सांगता येणार नाही.

घूर्णन गतीचं ते गणितही पाहिलं. कच्च्या कामाच्या जागेत तुझी मांडणी शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर आहे. तिथे त्रिज्येऐवजी व्यास घेतलास. शाळेच्या पेपरात बहुतेक गुण मिळाले असते. इथे मशीन फक्त काळा केलेला गोल वाचतं, त्यामुळे एक गुण वजा झाला. डोळे मिटून गोल भरलेल्या कुणाला तिथेच चार मिळाले असतील.

फिजिक्सचे सोळा प्रश्न मात्र वेळ संपला म्हणून सुटले. 180 प्रश्नांना 180 मिनिटं असतात, तुझा हात तेवढा चालला नाही. हे माप खरं आहे आणि त्यावर काम करावं लागेल. परत बसायचं की दुसरी वाट धरायची, ते तू ठरव. बसणार असशील तर रोज संध्याकाळी घड्याळ लावून मी समोर बसेन.

दिवाळीत आजीच्या तळपायावरचा फोड पहिल्यांदा तुला दिसला. साखरेमुळे तिला दुखत नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं आणि आमच्याही लक्षात आलं नव्हतं. तिचे मोजे काढून रोज पाय बघायचं तुला कुणी शिकवलं, मला अजून ठाऊक नाही. प्रश्नपत्रिका मी दोनदा चाळली, त्याबद्दलचा प्रश्न तिच्यात कुठे नव्हता.

आज सकाळपासून ती पाय पुढे करून बसली आहे. मला ड्रेसिंग करू देत नाही, मनू उठली का एवढंच विचारते.

तुझे,
बाबा