रडता रडता बाळाचा श्वास कोंडला, तर



बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वही मिटली की लहान लेकरांच्या आया हळूच एक गोष्ट विचारतात. "ताई, आमचं बाळ रडता रडता निळं पडतं. श्वासच घेत नाही. मान टाकतं. हे फिट आहे का?" आज आपण त्याबद्दलच बोलणार आहोत.

डॉक्टर याला ब्रेथ होल्डिंग स्पेल म्हणतात. आपण साधं म्हणू, श्वास कोंडणं. सहा महिन्यांपासून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हे दिसतं. बहुतेकांना पहिल्यांदा होतं ते दीड वर्षाच्या आत. पुढे वाढत्या वयाबरोबर ते आपोआप थांबतं. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो, पण नेहमीच्या प्रकारच्या श्वास कोंडण्यानं मुलाच्या मेंदूला इजा होत नाही आणि पुढे त्यातून फिटचा आजारही जडत नाही.

आता नेमकं काय होतं ते पाहू. समजा, दीड वर्षाचा एक मुलगा आहे. आई भाजी चिरते आहे आणि तो विळीकडे झेपावतो. आई विळी बाजूला करते. त्याला राग येतो. तो जोरात टाहो फोडतो, एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तोंड उघडंच राहतं, पण आवाज येत नाही. छातीतली सगळी हवा रडण्यात बाहेर गेलेली असते आणि नवा श्वास आत ओढला जात नाही. रक्तातला प्राणवायू कमी होतो, म्हणून आधी ओठ आणि मग चेहरा निळसर पडतो. मेंदूला क्षणभर प्राणवायू कमी मिळाला की मुलाची शुद्ध हरपते. अंग सैल पडतं, कधी ताठ होऊन कमानीसारखं वाकतं, हातापायाला दोन-चार झटकेही येतात. शुद्ध हरपली की श्वासाचा ताबा शरीर स्वतःकडे घेतं आणि श्वास परत सुरू होतो. हे सगळं बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आत आटोपतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवू. मूल हे मुद्दाम करत नाही. "नाटकं करतंय, हट्टी आहे" असं घरात म्हटलं जातं, पण दीड वर्षाच्या लेकराला श्वास रोखून आईला घाबरवायची युक्ती कळत नाही. आणि "आईनंच रडवलं म्हणून झालं" हेही खरं नाही. विळी बाजूला करायलाच हवी होती.

आता प्रश्न असा, की त्या वेळी आपण करायचं काय?

पहिलं, मुलाला उचलून खांद्यावर घेऊ नका. जमिनीवर, सतरंजीवर किंवा गोधडीवर आडवं ठेवा आणि कुशीवर वळवा. आडवं असलं की मेंदूकडे रक्त सहज जातं. कुशीवर असलं की लाळ किंवा उलटी घशात न जाता बाहेर येते. दुसरं, आजूबाजूची विळी, चूल, पाटा, कठीण कोपरा असं काही असेल तर दूर करा, म्हणजे हातपाय झटकताना लागणार नाही. तिसरं, मनात सावकाश आकडे मोजा. एक, दोन, तीन. घाबरलेल्या आईला दहा सेकंदही दहा मिनिटांसारखे वाटतात, म्हणून मोजणं गरजेचं. साठच्या आत मूल श्वास घेतं, असंच बहुतेक वेळा तुम्हाला दिसेल. घरात दुसरं कुणी असेल तर त्यांनी मोबाईलवर चित्रण करावं. डॉक्टरांना दाखवायला त्याचा फार उपयोग होतो.

आणि काय करायचं नाही? मुलाला गदागदा हलवायचं नाही. लहान मुलाची मान नाजूक असते, जोरात हलवल्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तोंडात पाणी घालायचं नाही. शुद्ध नसताना ते पाणी थेट श्वासनलिकेत जातं. दातखीळ बसली म्हणून चमचा किंवा बोट घालायचं नाही. त्यानं दात तुटतो, तोंडात जखम होते. गालावर चापट्या मारायच्या नाहीत.

आता आजी म्हणतील, "कांदा हुंगवला की आमचं पोर उठायचं." कुणी चप्पल हुंगवतं, कुणी मीठ-मोहरी उतरवतं. ते उपाय लागू पडल्यासारखे का वाटतात, हे समजून घेऊ. श्वास कोंडणं मिनिटाच्या आत आपोआपच सुटतं. कांदा फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. मूल सावरायची वेळ आणि कांदा नाकाशी न्यायची वेळ एकच येते, आणि श्रेय कांद्याला मिळतं. नुकसान असं होतं, की तेवढ्या धावपळीत मूल कुणाच्या तरी हातावर उभं लटकत असतं. दृष्ट काढायचीच असेल तर मूल सावरल्यावर काढा. आधी त्याला कुशीवर निजवा.

मूल सावरल्यावर थोडं मलूल दिसेल, काही वेळ झोपेलही. जवळ घ्या, पाठीवरून हात फिरवा. रागावू नका, आणि "सोन्या, मेला असतास ना!" असा गलकाही करू नका. पण विळी मात्र परत देऊ नका. श्वास कोंडला की मागितलेली वस्तू मिळते, हे मुलाला एकदा उमगलं की हट्ट वाढतो, आणि हट्टाबरोबर रडणं. मुलाला कधीच रडू द्यायचं नाही, असा नियम घरात झाला तर कोणालाच त्याला 'नाही' म्हणता येत नाही. त्यापेक्षा भूक आणि झोप यांची वेळ सांभाळा, कारण उपाशी आणि पेंगुळलेलं मूल लवकर चिडतं. चिडायला लागलं की टाहो फुटायच्या आत दुसरीकडे मन रमवा.

आता दवाखान्याबद्दल. पहिल्यांदा असं झालं की मूल लगेच ठीक झालं तरी डॉक्टरांना दाखवाच. जाण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: आधी काय घडलं, मूल निळं पडलं की पांढरं, किती आकडे मोजले, आणि नंतर किती वेळात खेळायला लागलं. श्वास कोंडणं आणि फिट यांतला फरक डॉक्टर यावरूनच ओळखतात. श्वास कोंडण्याआधी रडणं, राग, भीती किंवा मार लागणं असं काहीतरी कारण असतं. आधी रंग बदलतो, मग शुद्ध जाते. फिटमध्ये बहुतेक वेळा कारण नसतं, झोपेतही येते, झटके आधी सुरू होतात आणि नंतर मूल बराच वेळ गुंगीत राहतं.

काही मुलं निळी न पडता एकदम पांढरीफटक पडतात. डोक्याला टेंगूळ येईल इतपत लागलं किंवा दचकलं, की फार न रडताच मूल कोसळतं. यात काही क्षण हृदयाचे ठोके मंदावतात. तेव्हाही कुशीवर निजवणंच योग्य, पण अशा मुलाच्या हृदयाची तपासणी, म्हणजे ईसीजी, करायची का ते डॉक्टरांना जरूर विचारा. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल तर तेही सांगा.

थांबून चालणार नाही अशा वेळाही आहेत. एक मिनिट झालं तरी श्वास नाही, झटके मिनिटापेक्षा जास्त चालले, किंवा श्वास आला पण मूल शुद्धीवर येत नाही, तर लगेच १०८ ला फोन करा. मूल सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, झोपेत किंवा धावता-खेळताना असं झालं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि मूल शेंगदाणा, फुटाणा, असं काही खात असताना गुदमरलं, तर ते श्वास कोंडणं नव्हे, घशात अडकणं आहे. तिथे वाट पाहायची नसते. मूल खोकू किंवा रडू शकत नसेल तर पालथं करून, डोकं खाली ठेवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच थापा द्याव्या लागतात, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणी १०८ ला फोन लावायचा.

शेवटी, सगळ्यात कामाची गोष्ट. श्वास कोंडणाऱ्या पुष्कळ मुलांच्या अंगात लोह कमी असतं. लोहाचं औषध दिलं की हे झटके कमी होतात, काहींचे थांबतातही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत सुमारे एकोणसत्तर मुलांना रक्तक्षय आढळला. म्हणून डॉक्टरांना हिमोग्लोबिन तपासायला सांगा.

विळीसाठी रडणाऱ्या त्या मुलाचंच बघा. समजा, त्याचं हिमोग्लोबिन ८.५ निघालं. ते ११ च्या वर हवं. तो दिवसभर दूध आणि चहा-बिस्किटावर असतो. डॉक्टर वजन पाहून रोज द्यायचं लोहाचं औषध लिहून देतात, दोन-तीन महिने. आशाताई आठवड्यातून दोनदा देतात ते एक मिलीचं औषध रक्तक्षय होऊ नये म्हणून असतं. ज्याला रक्तक्षय झालाय त्याला तेवढं पुरत नाही. औषधानं शी काळी होते, त्याला घाबरून बंद करू नका. बाटली मात्र उंचावर ठेवा. मुलानं एकदम जास्त प्यायली तर ते विष ठरतं. चहा बंद करा, कारण तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. वरणावर लिंबू पिळा, पालेभाजी, नाचणी, डाळी, आणि चालत असेल तर अंडं, मटण द्या.

श्वास कोंडतो तेव्हा आई नेमकी शेतात असू शकते. म्हणून आजी, थोरली बहीण, अंगणवाडीच्या ताई, सगळ्यांना आज एवढं सांगून ठेवा: आडवं ठेवा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, साठपर्यंत मोजा. जमलं तर बाहुली घेऊन एकदा करूनही दाखवा.