बुधवार, दुपारी बारापर्यंत

जुलैचा पहिला सोमवार, तारीख 7. पुण्यातल्या एका यंत्रभाग बनवणाऱ्या कंपनीच्या लेखा विभागात सगळं तयार आहे, फक्त कोल्हापूर शाखेची जूनची बिलं आलेली नाहीत. ती 5 तारखेला यायची होती. अशा वेळी बहुतेक कार्यालयांतून जो मेल जातो, त्याचं नाव सगळ्यांना पाठ आहे: ‘जेंटल रिमाइंडर’. आत एकच ओळ असते, ‘कृपया माहिती लवकरात लवकर पाठवावी.’ त्यावर उत्तर येतं, ‘हो, बघतो.’ आणि दोन दिवस जातात.

‘लवकरात लवकर’मध्ये तारीख नसते, म्हणून ते काम शाखेतल्या माणसाच्या यादीत सगळ्यात खाली जाऊन बसतं. उलट ‘आजच्या आज पाहिजे’ म्हटलं आणि आज काही बिघडलं नाही, की पुढच्या वेळी त्या घाईवर कोणी विश्वास ठेवत नाही. तारीख पक्की वाटायची असेल, तर तिच्यामागचं कारण खरं हवं आणि ते समोरच्याला दिसायला हवं.

या प्रकरणात कारण कायद्यातच आहे. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-1, पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरावा लागतो. त्यावरून 14 तारखेला ग्राहकाचं जीएसटीआर-2बी तयार होतं. त्यात बिल दिसलं नाही, तर ग्राहकाला त्या महिन्यात कराचं क्रेडिट घेता येत नाही. नंतर जीएसटीआर-1ए मधून भर घालता येते, पण ते बिल ग्राहकाला पुढच्या महिन्याच्या 2बीमध्ये दिसतं. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक चुकून राहिला, तर बिल भरूनही त्याच्या हाती काही लागत नाही. मग त्याचा पहिला फोन शाखेलाच जातो.

तेव्हा मागे मोजत यायचं. विवरण शुक्रवारी, 11 तारखेला. तपासणीला दीड दिवस. म्हणून यादी बुधवारी दुपारी हवी. लेखा विभागातल्या बाईंनी लिहिलेला मेल असा:

विषय: जूनची कोल्हापूरची बिलं – बुधवार, 9 जुलै, दुपारी 12 पर्यंत

नमस्कार सर,
जूनच्या बिलांची यादी 5 तारखेला ठरली होती, ती अजून मला मिळालेली नाही. महिनाअखेरीला तुमच्याकडे स्टॉकची मोजणी होती, त्यात धावपळ झाली असणार.
जीएसटीआर-1 शुक्रवारी भरायचा आहे आणि तपासायला मला दीड दिवस लागतो, म्हणून यादी बुधवारी दुपारी 12 पर्यंत हवी. सिस्टिममधली 42 बिलं जोडलेल्या शीटमध्ये भरून ठेवली आहेत. पिवळ्या रकान्यांत 6 ग्राहकांचे जीएसटी क्रमांक आणि क्रेडिट नोटा, एवढंच बाकी आहे. सगळं एकदम जमत नसेल तर आधी ते 6 क्रमांक पाठवा. क्रेडिट नोटा गुरुवारी सकाळी 10 पर्यंत चालतील.
बुधवार जमेल का, हे आज 5 पर्यंत कळवाल का? काही अडलं असेल तर फोन करा, दोघं मिळून भरून घेऊ.

मेलमध्ये उशिराचा उल्लेख एकदाच आहे, तोही ठरलेल्या तारखेसह. मागच्या महिन्याचा उशीर उकरून काढलेला नाही. मोजणीचा उल्लेख मात्र खरी माहिती असेल तरच करावा; अंदाजाने सांगितलेली सबब समोरच्याला टोमणा वाटते. स्नेह टिकवण्याचं खरं काम ‘कृपया’ या शब्दापेक्षा ती शीट जास्त करते. 42 बिलांचं ओझं 6 रकान्यांवर आलं, की टाळायला फारसं कारण उरत नाही.

शेवटचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ‘बघतो’ हे त्याचं उत्तर नव्हे. 5 पर्यंत हो किंवा नाही आलं नाही, तर दुसरा मेल पाठवण्याऐवजी फोन करावा, कारण अनेकदा माणूस रजेवर असतो किंवा यादी भलत्याच टेबलावर अडकलेली असते. फोननंतर ठरलेली वेळ त्याच मेलवर दोन ओळींत लिहून टाकावी.

वरिष्ठांना पहिल्याच मेलमध्ये सीसी ठेवणं म्हणजे न सांगता तक्रार करणं. बुधवारची वेळही टळली, तर ते करावं लागतं, पण त्याआधी सहकाऱ्याला फोनवर सांगावं: ‘विवरण अडू नये म्हणून आता साहेबांना कळवते आहे.’ आणि साहेबांच्या मेलमध्ये काय आलं, काय बाकी आहे आणि शुक्रवारी काय राहून जाईल, एवढंच लिहावं.

यादी आली, की ‘मिळाली, 42 बिलं जुळली’ हे त्याच दिवशी कळवायचं. जुलैच्या बिलांची मुदत 11 ऑगस्टला आहे. त्यासाठीची रिकामी शीट 1 ऑगस्टलाच कोल्हापूरला पाठवून द्यावी.