राजीनाम्याच्या सहा ओळी

आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या उद्योजक संघटनेचा मी नऊ वर्षं मानद सचिव होतो. त्या काळात जे सभासद सोडून गेले, ते बहुतेक काहीही न कळवताच गेले. वर्गणीचं बिल पाठवलं की उत्तर नाही, फोन केला की "या महिन्यात बघतो". मग दोन-तीन वर्षांनी कळायचं, की त्यांच्या मते ते केव्हाच बाहेर पडलेत. लेखी राजीनामे फार थोडे आले, आणि त्यातही ज्यावरून पुढे काय करायचं ते कळेल असे अगदीच मोजके.

वर्गणी भरणं थांबवलं म्हणजे सभासदत्व संपलं, ही समजूत सर्रास आढळते. आपल्याकडच्या बऱ्याच संघटना 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्या कायद्याच्या कलम 15 मध्ये सभासद कोण, हे सांगितलं आहे : नियमाप्रमाणे दाखल झालेला, वर्गणी भरलेला किंवा सभासदांच्या यादीवर सही केलेला, आणि नियमाप्रमाणे राजीनामा न दिलेला. तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली तर मत देता येत नाही, पण तेवढ्याने कोणी आपोआप बाहेर पडत नाही. उलट कलम 10 प्रमाणे संस्था थकबाकीसाठी सभासदावर दावा करू शकते. व्यवहारात कोणी इतक्या थराला जात नाही, पण वहीत नाव राहतं आणि आकडा वाढत जातो.

आमच्याकडे एक खोकी बनवणारे कारखानदार होते. पुठ्ठ्याची, तीन थरांची आणि पाच थरांची. बारा वर्षांचे सभासद. त्यांनी तीन वर्षं वर्गणी भरली नव्हती. वर्षाला 6,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7,080. तीन वर्षांचे 21,240. मी बिल घेऊन गेलो तेव्हा ते चिडले. "साहेब, मी तर केव्हाच सोडलंय," म्हणाले. मी विचारलं, "कुठे कळवलंत?" त्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून अडीच पानांचं पत्र काढलं. वर्षभरापूर्वी लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं.

ते पत्र मी तिथेच वाचलं. संघटना वीजदराच्या सुनावणीत फक्त उच्चदाब ग्राहकांची, म्हणजे मोठ्या कारखान्यांची बाजू मांडते, ही त्यांची मूळ तक्रार होती, आणि ती खरीच होती. पण त्या तक्रारीपर्यंत पोचायला दीड पान वाचावं लागत होतं. त्याआधी आमच्या कोषाध्यक्षांचं नाव घेऊन सभागृहाच्या भाड्याच्या हिशेबाबद्दल संशय घेतला होता, एका जुन्या निवडणुकीचा राग होता आणि कुठल्याशा कार्यक्रमात मागच्या रांगेत बसवल्याचं दुःख होतं. असं पत्र कार्यकारिणीपुढे वाचलं जातं, इतिवृत्तात त्याचा उल्लेख येतो, ज्याचं नाव आहे तो उत्तर द्यायला उठतो, आणि विजेचा मुद्दा कोणाच्या लक्षातही राहत नाही.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की यातले दोन विषय वेगळे करा. हिशेबाबद्दल शंका असेल तर ती राजीनाम्यात लिहू नका, राजीनाम्याआधी वेगळ्या पत्राने विचारा. यामागे कारण आहे. सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या संघटनेबाबत धर्मादाय आयुक्तांकडे जायची वेळ आली, तर अर्जदाराचा संस्थेशी संबंध काय, हा प्रश्न येतो. नोंदणीकृत संस्थेचा सभासद हा कायद्याने हितसंबंधित मानला जातो. राजीनामा देऊन बसलेल्या माणसाला आधी आपला संबंधच सिद्ध करत बसावं लागेल. त्यांनी तसं पत्र दिलं, कोषाध्यक्षांनी भाड्याची पावतीपुस्तकं समोर ठेवली, आणि दोन पावत्यांची नोंद राहून गेल्याचं निघालं. ती करून घेतली.

थकबाकीचा विषय कार्यकारिणीत आला. आमच्या नियमावलीत दोन वर्षं वर्गणी थकली तर ठराव करून नाव कमी करायचं, असं लिहिलेलं होतं आणि ते आम्हीच केलं नव्हतं. एका वर्षाची वर्गणी घ्यावी, बाकी सोडावी, असं ठरलं. मग त्यांचं नवं पत्र आलं :

"महोदय, आमच्या कारखान्याच्या सभासदत्वाचा (क्र. 214) आम्ही आजपासून राजीनामा देत आहोत. लघुदाब वीजग्राहक असलेल्या लहान कारखान्यांचे प्रश्न संघटनेच्या कामात मागे पडतात, असा आमचा अनुभव आहे आणि म्हणून आम्ही हा निर्णय घेतला आहे. कार्यकारिणीने ठरवलेली रु. 7,080 ही रक्कम सोबतच्या धनादेशाने भरत आहोत. वसाहतीतील रस्त्याच्या कामात संघटनेने केलेली मदत आमच्या लक्षात राहील. संघटनेचे ओळखपत्र सोबत परत करत आहोत. राजीनामा नोंदवून घेतल्याचे पत्र मिळावे, ही विनंती."

कारण एका वाक्यात आहे आणि ते कामाबद्दल आहे, माणसांबद्दल नाही. "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहून त्यांना सुटता आलं असतं. कारण खरंच घरगुती असेल, कारखाना बंद होत असेल, तर तसं लिहावं. पण संघटनेच्या कामामुळे जात असताना ते शब्द वापरले, तर संघटनेला काहीच कळत नाही. हे वाक्य मात्र तसंच्या तसं पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर गेलं, आणि वीजदराच्या पुढच्या सुनावणीत लघुदाब ग्राहकांसाठी आमचं वेगळं निवेदन गेलं. रस्त्याबद्दलचे आभारही मला महत्त्वाचे वाटतात, कारण ते एका नेमक्या कामाबद्दल होते. "आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद" हे छापील वाक्य कोणी वाचतसुद्धा नाही.

मोठ्या कंपन्याही हेच करतात. 2009 च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलने अमेरिकेतल्या यूएस चेंबर ऑफ कॉमर्सचं सभासदत्व सोडलं. हरितगृह वायूंवर मर्यादा आणायला चेंबरचा असलेला विरोध हे कारण त्यांनी एका छोट्या पत्रात सांगितलं, आणि सभासदत्व तात्काळ संपल्याचंही त्यातच कळवलं. त्याच सुमारास नायकीने मात्र चेंबरच्या संचालक मंडळातली जागा सोडून सभासदत्व ठेवलं, आत राहून बोलता येईल म्हणून. पद आणि सभासदत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे कार्यकारिणीवरच्या माणसाने तर नीट लक्षात ठेवावं. न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेत पदाधिकारी बदलला की बदल अर्ज 90 दिवसांत द्यायचा असतो. तो दिला गेला नाही, तर धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत जुनंच नाव राहतं. म्हणून पद सोडणाऱ्याने बदल अर्जाची प्रत मागून घ्यावी.

बाकी पत्र लिहिण्याआधी नियमावली एकदा काढून पाहायची. काही ठिकाणी वर्ष संपायच्या आधी ठरावीक मुदतीत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षाची वर्गणी लागू होते. काही ठिकाणी पत्र पोचताच राजीनामा लागू होतो, काही ठिकाणी कार्यकारिणीने स्वीकारल्यावर. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. डॉक्टर, वकील अशांना वाटणारी एक भीती मात्र निराधार आहे : ऐच्छिक संघटना सोडल्याने वैद्यकीय परिषदेतली किंवा बार कौन्सिलमधली नोंदणी जात नाही, ती वेगळी असते.

खोक्यांच्या कारखानदारांना मी ठरावाचा क्रमांक घालून उत्तर पाठवलं. मी सचिवपद सोडल्यावर दीडेक वर्षाने नव्या कारकुनाने जुनी यादी घेऊन त्यांना 14,160 रुपयांचं थकबाकीचं पत्र धाडलं. त्यांनी फाईलमधून ते उत्तर काढून त्याची झेरॉक्स दिली. कारकुनाने वहीतल्या 214 क्रमांकावर लाल शाईने रेघ मारली आणि समोर ठरावाची तारीख लिहिली. ती रेघ मारायचं काम माझ्याकडूनच राहून गेलं होतं.