चव्वेचाळीस जूल जातात कुठे?

एक किलो पाणी 25 अंश सेल्सिअसवरून 26 अंशांवर न्यायला सुमारे 4180 जूल उष्णता लागते. उघड्या पातेल्यातल्या पाण्याचा हा हिशेब आहे. हेच पाणी एखाद्या अभेद्य पेटीत काठोकाठ भरून, त्याला केसभरही फुगू न देता तापवले तर? मग 4136 जूल पुरतात. दोन्हींत फरक 44 जूलांचा, म्हणजे शेकडा एकाचा. तो कुठून येतो, याचे जे उत्तर पटकन सुचते ते पाण्याच्या बाबतीत जवळजवळ पूर्णपणे चुकीचे आहे.

सुचणारे उत्तर वायूंवरून आलेले असते. एक किलो हवा मोकळी तापवली तर अंशामागे 1005 जूल लागतात आणि बंद टाकीत 718. मधले 287 जूल हवा फुगताना भोवतालच्या वातावरणाला मागे ढकलण्यात खर्च होतात, आणि तिथे हिशेब चोख जुळतो. पाण्याला हाच न्याय लावून पाहावा. 25 अंशांच्या आसपास एक लिटर पाणी एका अंशाला 0.257 मिलिलिटर फुगते, म्हणजे पाण्याच्या पाचसहा थेंबांइतके. एवढ्या जागेतून वातावरणाला मागे सारायला 0.026 जूल लागतात. चव्वेचाळीस जूलांपुढे हा आकडा कुठल्या कुठे राहतो. बाकीची जवळजवळ सगळी उष्णता पाण्याच्या आतच कुठेतरी मुरते.

सरळ मार्ग म्हणजे पाणी बंद पेटीत कोंडून तापवावे आणि उष्णता मोजावी. हा मार्ग प्रत्यक्षात बंदच असतो. पाण्याला फुगायचे असते, त्याला दाबून मूळ जागेत ठेवायचे तर बाहेरून दाब द्यावा लागतो, आणि पाणी दबायला फार कठीण. एक लिटर पाण्यावर 1 बार, म्हणजे जवळपास वातावरणाइतका जादा दाब दिला, तर ते 0.0452 मिलिलिटरच आकसते. एका अंशाची 0.257 मिलिलिटरची वाढ जिरवायची तर 0.257 भागिले 0.0452, म्हणजे 5.7 बार दाब हवा. पाणी दहा अंश तापले की पेटीच्या भिंतींवर पन्नासहून अधिक बारांचा रेटा येतो. भिंत जाड केली तर ती स्वतःच पाण्यापेक्षा जास्त उष्णता पिऊ लागते. पातळ ठेवली तर ती ताणली जाते आणि पाण्याला फुगायला जागा मिळते. शेकडा एकाचा फरक या दोन्हींच्या गोंधळात हरवून जातो.

घरच्या गॅस सिलिंडरमागेही हेच कारण आहे. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 33 लिटर पाणी मावते, पण द्रवरूप गॅस त्यात साधारण चार पंचमांश जागेपुरताच भरतात. हा द्रव पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. टाकी द्रवाने काठोकाठ भरली आणि उन्हात तापली, तर दाब अंशाअंशाला झपाट्याने चढतो. वरची मोकळी जागा ही त्या फुगवट्याची जागा असते.

थेट मोजता येत नाही, म्हणून पदार्थविज्ञानाने आडवाट काढली. ती सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याच्या 1824 सालच्या विचारातून निघते. अशी कल्पना करावी की पाणी हेच एक इंजिन आहे. 298 केल्विन तापमानाला (25 अंश सेल्सिअस म्हणजेच 298 केल्विन) उष्णता देत देत ते थोडे फुगू द्यावे. मग तापमान एक अंशाने उतरवावे, तसा दाब 5.7 बारांनी उतरतो. त्या कमी दाबाला पाणी पुन्हा मूळ जागेत आणावे आणि तापमान पूर्ववत करावे. फुगताना दाब जास्त होता आणि आकसताना कमी, म्हणून फेरीअखेर थोडे काम हाती पडते. ते म्हणजे 5.7 बार गुणिले फुगवटा. कार्नोचा नियम सांगतो की आदर्श इंजिनात 298 केल्विनवर घेतलेल्या उष्णतेचा दर अंशामागे 298 वा भागच कामात उतरतो. म्हणजे फुगताना पाण्याने घेतलेली उष्णता या कामाच्या 298 पट असलीच पाहिजे.

आता आकडे मांडावेत. 298 गुणिले 5.7 म्हणजे सुमारे 1700 बार. पाणी फुगताना वातावरणाच्या एका बारशी झुंजत असल्याचे दिसते. पण उष्णतेच्या हिशेबात ते जणू 1700 बारांशी झुंजत असते. हा रेटा बाहेरचा नव्हे, तो पाण्याच्या रेणूंच्या परस्पर ओढीतून येतो. रेणू जरासे दूर सारायचे तर त्या ओढीविरुद्ध ऊर्जा खर्चावी लागते. 1700 बार गुणिले 0.257 मिलिलिटर, आणि एक बार-लिटर म्हणजे 100 जूल, हे लक्षात घेतले की उत्तर येते 43.7 जूल. हरवलेले चव्वेचाळीस जूल सापडले.

हीच वाट सूत्रात लिहिली की ती अशी दिसते:

Cp − Cv = T V α² / κ

Cp ही मोकळ्या स्थितीतली उष्माधारकता, Cv ही बंद स्थितीतली, T केल्विनमधले तापमान, V आकारमान. α म्हणजे प्रसरणांक, एका अंशाला आकारमानाचा कितवा भाग वाढतो तो. κ म्हणजे संपीड्यता, तापमान न बदलता दाबाच्या एककाला आकारमान किती घटते ते. α चा वर्ग का येतो, तेही वरच्या गोष्टीतच आहे. एकदा तो फुगवटा म्हणून येतो आणि दुसऱ्यांदा दाबाच्या वाढीत.

सूत्रात केवळ पाहता-मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत, हे त्याचे मोठेपण. पण मोजताना सावध राहावे लागते, विशेषतः κ मोजताना. एका लिटर पाण्याच्या नळीत एक मिलिलिटर हवेचा बुडबुडा अडकून राहिला आणि दाब एक बारने वाढवला, तर तो बुडबुडा एकटाच अर्धा मिलिलिटर आकसतो. पाण्याच्या आकसण्याच्या तो दहापट झाला. κ दहापटीहून जास्त दिसतो आणि चव्वेचाळीस जूलांचे चारावर येतात. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे. दाब वाढवत न्यावा. नुसते पाणी प्रत्येक बारला जवळजवळ सारखेच आकसत राहते, बुडबुडा मात्र आधी खूप आणि मग कमी-कमी. मापांची रेघ सुरुवातीला तीव्र उतरून नंतर सपाट झाली, की आत हवा आहे असे समजावे.

दुसरी पारख आवाज करून देतो. पाण्यातून ध्वनी जातो तेव्हा पाणी इतक्या झटपट दबते-सुटते की उष्णतेला बाहेर निसटायला वेळच मिळत नाही. त्यामुळे ध्वनीच्या वेगावरून काढलेली संपीड्यता थोडी कमी भरते, आणि किती कमी, ते Cp आणि Cv यांच्या गुणोत्तरावरून ठरते. 25 अंशांना पाण्यात ध्वनी सेकंदाला 1497 मीटर जातो. त्यावरून लिटरमागे एका बारला 0.0448 मिलिलिटरचे आकसणे निघते. दाबयंत्राने सावकाश मोजलेले 0.0452. गुणोत्तर 1.01, आणि 4180 भागिले 4136 हेही 1.01. एक माप पाणी तापवून-दाबून घेतलेले आणि दुसरे आवाज ऐकून, तरी दोन्ही एका जागी येतात.

हा फरक वायूंत किती महाग पडतो, हे न्यूटनला भोगावे लागले होते. हवेतल्या ध्वनीचा वेग त्याने सावकाश दबणाऱ्या हवेच्या हिशेबाने काढला आणि तो प्रत्यक्षापेक्षा सुमारे 15 टक्के कमी आला. लाप्लासने 1816 मध्ये ती चूक दुरुस्त केली. दहा वर्षांनी, 1826 मध्ये, पाण्याच्या संपीड्यतेचा अभ्यास करणाऱ्या जाँ-दानिएल कोलादों याने जिनिव्हा सरोवरात घंटा बुडवून ती वाजवली, त्याच क्षणी दारूचा जाळ उडवला, आणि कित्येक किलोमीटर दूर होडीत पाण्यात कर्णा सोडून आवाज ऐकला. सेकंदाला 1435 मीटर असा वेग मिळाला, पाणी 8 अंशांचे होते. इतक्या थंड पाण्यात α फार लहान असतो, त्यामुळे Cp आणि Cv मधला फरक किलोमागे दोन जूलांच्या आसपास येतो. हवेत न्यूटनला चकवणारी गोष्ट त्या सरोवरात जवळपास अस्तित्वातच नव्हती.

पाऱ्यात मात्र ती पूर्ण ताकदीने उभी राहते. पारा पाण्यापेक्षा कमी फुगतो, पण दबायला अकरा पट कठीण. त्याला कोंडले तर अंशामागे तब्बल 45 बार दाब चढतो. म्हणूनच अनेक तापमापकांच्या वरच्या टोकाला छोटा फुगा ठेवलेला असतो, आणि मर्यादेबाहेर तापवलेला तापमापक फुटतो. एक किलो पाऱ्याचा Cp 140 जूल आहे. सूत्रानुसार त्यातले सुमारे 18 जूल फुगण्यात जातात. पाण्यात एक टक्का असलेला फरक पाऱ्यात तेरा टक्क्यांवर जातो.

घन पदार्थांत हिशेब तसाच, फक्त एक जुनी चूक टाळावी. तांब्याचा तक्त्यात छापलेला प्रसरणांक बहुधा लांबीचा असतो, सूत्राला हवा आकारमानाचा, म्हणजे त्याच्या तिप्पट. तिप्पट करायचे राहिले तर वर्गामुळे उत्तर नवव्या भागावर येते. बरोबर मांडले तर तांब्यात किलोमागे 385 पैकी सुमारे 11 जूलांचा फरक निघतो. आइनस्टाइनचा 1907 चा किंवा डेबायचा 1912 चा सिद्धांत Cv सांगतो आणि प्रयोगशाळा Cp मोजते. दोघांची गाठ घालून द्यायची तर आधी हे 11 जूल वजा करावे लागतात.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याचे असंगत आचरण आणि होपचे उपकरण असते. 4 अंशांना पाण्याची घनता सर्वांत जास्त, त्याहून थंड केले तर ते फुगू लागते, असे मुले शिकतात. सूत्राच्या नजरेने त्या 4 अंशांना आणखी एक गोष्ट घडते. तिथे α शून्य होतो आणि पाण्याचा Cp व Cv अगदी सारखे होतात. त्याखाली α ऋण होतो, पण वर्गामुळे फरक पुन्हा धनच येतो. 0 अंशांना तो किलोमागे सुमारे अडीच जूल आहे.