लोणारचा लेख कानांसाठी लिहिताना

ध्वनिफितीवर किंवा व्हिडिओत एखादा विषय समजावून सांगायचा असतो आणि हाताशी त्याच विषयावरचा चांगला, तपासलेला लेख तयार असतो. मग तोच लेख माइकसमोर वाचला जातो. माहिती अचूक असते, आवाजही बरा असतो, तरी ऐकणाऱ्याचे लक्ष दोन मिनिटांत उडते.

ही तक्रार रेडिओइतकीच जुनी आहे. हिल्डा मॅथेसन 1927 मध्ये बीबीसीच्या भाषण विभागाच्या पहिल्या संचालक झाल्या. सभेत बोलावे तसे माइकसमोर बोलून उपयोग नाही, आणि निबंध किंवा अग्रलेख वाचून दाखवूनही नाही, असा त्यांचा आग्रह होता. घरात बसलेल्या एका माणसाशी बोलायचे आहे, हे लक्षात ठेवून त्या वक्त्यांकडून मजकूर बदलून घेत आणि तालीम करवून घेत.

मराठीत ही अडचण नेमकी कुठे येते, ते एका उदाहरणावरून पाहता येईल. लोणार सरोवरावरच्या लेखात पुढील वाक्य सहज असू शकते:

‘बुलढाणा जिल्ह्यातील बेसॉल्ट खडकात उल्कापातामुळे निर्माण झालेल्या, सुमारे 1.8 किमी व्यास असलेल्या लोणार विवरातील क्षारयुक्त पाण्याचा रंग जून 2020 मध्ये गुलाबी झाल्याचे आढळून आले असून, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत हा बदल हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे निदर्शनास आले.’

छापील पानावर हे वाक्य चालून जाते. डोळा अडला तर मागे जाऊन पुन्हा वाचतो. कानाला ती सोय नाही. या वाक्यात 40 शब्द आहेत आणि ‘लोणार’ हे नाव तेरावे. म्हणजे जिल्हा, खडक, उल्का आणि व्यास हे सगळे कशाबद्दल चालले आहे ते कळण्याआधीच ऐकणाऱ्याने लक्षात ठेवायचे. ‘झालेल्या’, ‘असलेल्या’, ‘केलेल्या’ अशी विशेषणे नामाच्या आधी रचत जाण्याची मराठीला मुभा आहे आणि क्रियापद येते शेवटी. दोन्हींमुळे कानावर ओझे पडते. म्हणून बोलायची संहिता करताना पहिली कात्री या ‘-लेल्या’ प्रत्ययांवर चालवावी. जिथे ‘-लेल्या’ आहे, तिथे बहुधा एक स्वतंत्र वाक्य दडलेले असते.

दुसरा प्रश्न क्रमाचा आहे. लेख ठिकाणापासून सुरू झाला, पण ऐकणाऱ्याला आधी घटना हवी असते. खडक आणि व्यास नंतर आले तरी चालतात, काही वेळा आलेच नाहीत तरी बिघडत नाही. या दोन गोष्टी धरून तोच मजकूर असा होतो:

‘जून, दोन हजार वीस. बुलढाण्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं. एरवी हिरवट दिसणारं पाणी, आणि आता चक्क गुलाबी! हे कशामुळे झालं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते पाणी तपासलं. त्यात सापडले हॅलोआर्किया. हॅलोआर्किया म्हणजे खूप खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. पण त्यांच्यात गुलाबी रंगद्रव्य असतं, आणि ते कोट्यवधींच्या संख्येनं वाढले की पाणीच रंगलेलं दिसतं. गंमत पुढे आहे. प्रयोगशाळेत ते पाणी काही काळ ठेवलं, तर हे जीव तळाशी बसले. आणि वरचं पाणी? स्वच्छ, पारदर्शक.’

शब्द जवळपास दुप्पट झाले. हे होणारच. ‘हॅलोआर्किया’ हे अनोळखी नाव ऐकणाऱ्याच्या कानावर दोनदा पडले आणि दुसऱ्यांदा अर्थासकट आले. लेखात असे नाव पुन्हा लिहिणे खटकते म्हणून आपण ‘ते’, ‘हा’, ‘सदर’ वापरतो. बोलताना मात्र ‘हा बदल’ म्हटले की कुठला बदल, असा प्रश्न पडतो. अशा जागी सर्वनामापेक्षा नाव बरे. तळाशी बसणाऱ्या जीवांचा तपशील मूळ वाक्यात नव्हताच. तो घेतला, कारण रंग पाण्याचा नसून पाण्यातल्या जीवांचा आहे हे त्यातून ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते.

वाढलेल्या शब्दांची किंमत वेळेत मोजावी लागते. समजावून सांगण्याच्या संथ लयीत मिनिटाला साधारण 120 मराठी शब्द बोलले जातात, म्हणजे पाच मिनिटांत 600. मूळ लेख 1500 शब्दांचा असेल तर त्यातला बराच भाग वगळावाच लागतो. लेखात विवराच्या वयाचे दोन अंदाज असतील: जुना सुमारे 52 हजार वर्षांचा, आणि 2010 च्या सुमारास आलेला, खडकातल्या आर्गॉन वायूवरून काढलेला, सुमारे 5.7 लाख वर्षांचा. विषय पाण्याच्या रंगाचा असेल तर दोन्ही गाळावेत. एक ठेवायचाच असेल तर ‘नव्या मोजणीनुसार’ हे शब्द सोडू नयेत. वाक्य छोटे करण्याच्या नादात ‘सुमारे’, ‘बहुधा’, ‘अमक्यांच्या मते’ हे शब्द सगळ्यांत आधी उडतात, आणि मग अंदाज ठाम सत्य म्हणून ऐकू येतो. ही चूक पाल्हाळापेक्षा वाईट.

आकड्यांच्या बाबतीत मराठी बोलणाऱ्याची चैन आहे. ‘एक पूर्णांक आठ दशांश किलोमीटर’ म्हणण्यापेक्षा ‘पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त’ पटकन पोचते. 5.7 लाखांचे ‘सुमारे पावणेसहा लाख’ करता येते. सव्वा, दीड, अडीच आपण रोज बोलतो, फक्त लिहायला बसल्यावर विसरतो. संहितेत आकडे अक्षरांतच लिहावेत, म्हणजे वाचणारा ऐनवेळी अडखळत नाही. ‘वरील’, ‘पुढीलप्रमाणे’, ‘अनुक्रमे’ आणि कंसातला मजकूर मात्र कानाला दिसतच नाही. तो काढून टाकावा.

छोट्या वाक्यांचीही एक खोड आहे. सगळीच वाक्ये चार शब्दांची झाली तर बोलणे तारेसारखे तुटक लागते. वरच्या संहितेत ‘त्यात सापडले हॅलोआर्किया’ याच्या पुढेमागे लांब वाक्ये आहेत, म्हणून ते उठून दिसते. रंगद्रव्याचे वाक्य मुद्दाम लांब ठेवले, कारण तिथे कारण आणि परिणाम एका दमात सांगायचे आहेत. नैसर्गिक वाटावे म्हणून दर वाक्याला ‘बरं का’, ‘तर मित्रांनो’ पेरले जाते, ते दुसऱ्यांदाच नकोसे होते. लय शब्दांच्या क्रमातून यायला हवी.

संहिता झाली की ती उभे राहून मोठ्याने वाचावी. श्वास जिथे अपुरा पडेल तिथे वाक्य मोडावे. थांबायच्या जागी एक तिरकी रेघ, जास्त थांबायचे तिथे दोन, आणि जोर द्यायच्या शब्दाखाली रेघ, एवढ्या खुणा पुरतात. मग फोनवर ध्वनिमुद्रण करून विषयाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी एकदाच ऐकवावे आणि काय कळले ते सांगायला लावावे. ‘पाण्यात रंग मिसळला होता’ असे उत्तर आले, तर रंगद्रव्य जीवांमध्ये असते हे वाक्य पोचलेले नाही. ते पुन्हा लिहावे.

अशी संहिता कागदावर बाळबोध दिसते आणि अनेक संपादक ती पुन्हा ‘सुधारतात’: वाक्ये जोडतात, पुनरुक्ती काढतात, ‘झालं’चे ‘झाले’ करतात. त्यामुळे तपासणीसाठी मजकूर पाठवताना सोबत ध्वनिमुद्रणही पाठवावे, आणि आधी ते ऐकण्याची विनंती करावी.