विजेच्या वहनात कोणाचा वाटा किती?

मिठाच्या किंवा आम्लाच्या द्रावणातून वीज वाहते, तेव्हा धन आणि ऋण आयन विरुद्ध दिशांना सरकत असतात. मात्र दोघांचा वेग सारखा नसतो. एकूण प्रवाहातला जो हिस्सा एक आयन वाहून नेतो, त्याला त्याचा परिवहनांक म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हिटॉर्फ यांनी 1853च्या सुमारास तो मोजायला सुरुवात केली. वीज सोडल्यावर इलेक्ट्रोडजवळची संहती किती बदलते, हे त्यांनी तपासले.

क्लोराइडचे उदाहरण घेऊ. 25 अंश सेल्सिअसला अतिविरल द्रावणात त्याची मोलर वाहकता सुमारे 76 असते, पोटॅशियमची 73.5, हायड्रोजन आयनाची तब्बल 350 (एकक: सीमेन्स-चौरस सेंटिमीटर प्रति मोल). एकभारी आयनाची ही वाहकता म्हणजे त्याची गतिशीलता गुणिले फॅरडे स्थिरांक. म्हणून पोटॅशियम क्लोराइडमध्ये क्लोराइडचा वाटा 76 भागिले 149.5, म्हणजे 0.51, हायड्रोक्लोरिक आम्लात 76 भागिले 426, म्हणजे फक्त 0.18. क्लोराइडची गतिशीलता तीच राहिली, जोडीदार मात्र चपळ निघाला.

पोटॅशियम क्लोराइडमध्ये दोघांचे वाटे जवळपास समान असल्याने दोन द्रावणांच्या सीमेवर उद्भवणारे विभव कमी राहते. म्हणूनच विद्युतघटातील क्षारसेतूत हाच क्षार भरतात. द्रावणात चांदीचे आयन असतील, तर मात्र क्लोराइडचा साका बसतो. तिथे पोटॅशियम नायट्रेट वापरावे.